लांबी मोजायचा फळा सदोष झाला आहे. मुख्यसेविका मॅडमना पत्र कसे लिहावे?

रानजाई (१२ ऑगस्ट)

नमस्कार. मी नागपूर जिल्ह्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांखालील मुलांना आडवे निजवून लांबी मोजण्याचा आमचा फळा जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडला. खोलीत पावसाचे पाणी गळत होते म्हणून आम्ही सामान शाळेच्या वर्गात हलवत होतो, त्या गडबडीत तो मदतनीस ताईंच्या हातून निसटला. तेव्हापासून डोक्याकडची उभी फळी थोडी हलते. काम चालते आहे, पण नोंदी पाहून मला शंका येऊ लागली आहे. मॅडमना देण्यासाठी पुढील पत्र लिहिले आहे. कृपया वाचून सुचवावे.

"मा. मुख्यसेविका मॅडम यांस, सविनय सादर. आमच्या अंगणवाडीतील लांबी मोजण्याचा फळा खराब झालेला असून मुलांची लांबी बरोबर येत नाही. तरी कृपया नवीन फळा मिळावा, ही नम्र विनंती."

एवढ्यावर नवीन फळा मिळेल का, आणि जुलै-ऑगस्टच्या नोंदींचे काय करायचे, हे मला समजत नाही.

मोजपट्टी (१२ ऑगस्ट)

रानजाई ताई, पोषण सर्वेक्षणांत मुलांची मापे घेण्याचे आणि ती घ्यायला शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. तुमच्या पत्रात "खराब" आणि "बरोबर येत नाही" हे दोनच शब्द माहितीचे आहेत आणि दोन्हींवरून काहीच कळत नाही. असे पत्र साहित्याच्या मागणीच्या गठ्ठ्यात जाते. फळा कोठे बिघडला आहे, त्यामुळे माप कमी येते की जास्त, किती फरकाने येते आणि कोणत्या तारखेपासून, या चार गोष्टी लिहिल्या तर तेच पत्र नोंदींविषयीचे पत्र होते आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

आधी हे सांगा की शंका कशावरून आली. जून आणि जुलैची मापे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत का?

रानजाई (१२ ऑगस्ट)

हो, त्यावरूनच आली. एक मुलगी जूनमध्ये चौदा महिन्यांची होती आणि तिची लांबी ७३.० सें.मी. होती. जुलैमध्ये ती ७२.६ भरली आणि परवा, म्हणजे सोळाव्या महिन्यात, ७२.९ भरली. मूल दोन महिन्यांत लहान कसे होईल? त्यातच ॲपमध्ये ती आता खुजेपणाच्या गटात दिसू लागली. तिची आई मला म्हणाली, "ताई, हिचं तर झबलं आखूड झालं, अन् तुम्ही म्हणता वाढली नाही." मला उत्तर देता आले नाही.

दोन वर्षांखालील एकूण अकरा मुले आहेत. जून ते जुलै या काळात त्यांतील चार मुलांची लांबी कमी झाली, तिघांची जवळजवळ तेवढीच राहिली आणि चौघांची वाढली.

काटोलकर (१२ ऑगस्ट)

मग यात एवढा विचार कशाला? एक सरळ काठी घ्या, पोलादी टेपने मोजा आणि फळ्यावर ठेवून पाहा. जो फरक येईल तो दोन्ही महिन्यांच्या सगळ्या मापांत मिळवून टाका. आमच्या गोदामातील काटा दोनशे ग्रॅम कमी दाखवत असे, तेव्हा आम्ही वर्षभर असेच चालवले होते. आणि ज्या चार मुलांची लांबी कमी झाली तेवढीच पुन्हा मोजली तरी पुरे.

मोजपट्टी (१२ ऑगस्ट)

काठीची सूचना चांगली आहे आणि ती अवश्य करावी. मात्र मिळवून टाकण्याची घाई करू नये, त्याविषयी काठीचा निकाल आल्यावर बोलू.

चारच मुले पुन्हा मोजण्याविषयी मात्र आताच सांगते, कारण ही चूक फार जण करतात. तीन महिन्यांचे बाळ एका महिन्यात दोन सें.मी.हून अधिक वाढते, तर दीड वर्षाचे मूल साधारण एकच सें.मी. वाढते. फळा एक सें.मी. कमी दाखवत असेल, तर दीड वर्षाच्या मुलाची वाढ थांबलेली दिसेल किंवा उलटी दिसेल, पण तान्ह्या बाळाची लांबी तरीही वाढलेलीच दिसेल. चूक दोघांच्या मापात सारखीच असते. तान्ह्याच्या बाबतीत खऱ्या वाढीने ती झाकली जाते. म्हणून वाढलेली चार मुले कोणत्या वयाची आहेत ते पाहा.

दुसरे असे की दोन वर्षांवरील मुलांना तुम्ही भिंतीवरच्या मापावर उभे करून मोजता. त्यांची जून-जुलैची वाढ कशी आहे?

रानजाई (१३ ऑगस्ट)

वाढलेल्या चारपैकी तिघे पाच महिन्यांच्या आतील आहेत! आणि उभ्याने मोजलेल्या मुलांत एकाचीही उंची कमी झालेली नाही. सगळ्यांची थोडी थोडी वाढलेली आहे.

मोजपट्टी (१३ ऑगस्ट)

ही दुसरी गोष्ट पत्रात नक्की लिहा. मोजणाऱ्या त्याच दोघी, महिना तोच, गाव तेच, आणि उभ्याच्या मापात गडबड नाही पण आडव्याच्या मापात आहे. यामुळे "तुम्हालाच मोजता येत नसेल" हे उत्तर देणे वरच्यांना कठीण जाते. एखाद्या मुलाची लांबी एखाद्या महिन्यात घटलेली दिसली, तर मी आधी मोजणाऱ्याकडे पाहीन. एकाच महिन्यात, एकाच साधनावर सात मुलांची वाढ थांबली तर साधनाकडे पाहीन.

संत्रानगरी (१३ ऑगस्ट)

विषय उंचीचा चालला आहे म्हणून विचारतो. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि वर्गात सर्वांत बुटका आहे. शाळेत मोजताना बूट काढत नाहीत. त्यामुळे नोंद चुकत असेल का?

मोजपट्टी (१३ ऑगस्ट)

दादा, बुटांमुळे उंची जास्त नोंदली जाते, त्यामुळे खरी उंची नोंदीपेक्षा कमीच असेल. मुलाविषयी काळजी असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. हा धागा दोन वर्षांखालील मुलांच्या फळ्याचा आहे, म्हणून येथे एवढेच.

रानजाई (१४ ऑगस्ट)

काठीची परीक्षा केली. पडद्याचा ॲल्युमिनियमचा सरळ पाइप सुताराकडून बरोबर ७०.० सें.मी. कापून घेतला आणि पोलादी टेपने पुन्हा मोजला. फळ्याच्या तळावर ठेवून तीनदा पाहिले: ७०.०, ७०.० आणि ६९.९. म्हणजे फळा बरोबर आहे! आता माझी पंचाईत झाली आहे. माझाच हात चुकत असेल तर पत्र देऊ की नको?

काटोलकर (१४ ऑगस्ट)

म्हणजे फळा निर्दोष ठरला. मुले वळवळ करतात, गुडघे वाकवतात, त्यामुळे माप कमी येत असणार. पत्र देऊन उगीच स्वतःची चूक कबूल करू नका.

लाकूडकाम (१४ ऑगस्ट)

मी सुतारकाम करतो. मला मुलांच्या मापातील काही कळत नाही, पण एक गोष्ट खटकली. ताई म्हणतात की डोक्याकडची फळी हलते. अशी उभी फळी खालच्या स्क्रूवर ढिली झाली, की ती खाली जागेवरच राहते आणि वरून बाहेर कलते. पाइप तळावर ठेवला तर तो फळीच्या अगदी मुळाशी टेकतो, आणि तेथे फळी सरकलेलीच नाही. बाळाचे डोके मुळाशी टेकते का? गुण्या लावून काटकोन तपासा. फळी हाताने दाबून मगच पाहा, नुसती पाहिली तर ती सरळच दिसेल.

मोजपट्टी (१४ ऑगस्ट)

दादा, माझ्या आधी तुम्ही नेमके पकडले. निजलेल्या बाळाचा टाळू-माथा तळापासून साधारण सहा-सात सें.मी. उंचीवर उभ्या फळीला टेकतो. तेवढ्या उंचीवर फळी बाहेर कलली असेल, तर डोके शून्याच्या रेघेच्या पलीकडे जाते, पायाकडची सरकती फळी तेवढीच अलीकडे थांबते आणि माप कमी वाचले जाते. तळावरच्या पाइपला हे कधीच कळणार नाही.

रानजाई ताई, पाइपच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीची पुस्तके ठेवून तो सहा-सात सें.मी. वर उचला आणि पुन्हा मोजा. एकदा फळीला हलके टेकवून आणि एकदा जोराने दाबून, कारण मदतनीस ताई डोके धरतात आणि तुम्ही गुडघे दाबता तेव्हा बाळ सगळा जोर माथ्याने फळीवरच देते. पायाकडची फळीही आधी गुण्याने तपासा, नाही तर तिची चूक हिच्या नावावर जाईल.

रानजाई (१६ ऑगस्ट)

काल झेंडावंदनानंतर सुतार दादांना गुण्या घेऊन अंगणवाडीत बोलावले. पायाकडची फळी काटकोनात आहे. पाइप पुस्तकांवर ठेवून मोजल्यावर हलक्या हाताने ६९.५ आले आणि जोराने दाबल्यावर ६८.६ आले. पाइप तोच, ७०.० चा. मी पाच-सहा वेळा करून पाहिले. जोर जेवढा जास्त, तेवढे माप कमी.

शिवाय शेजारच्या गावातील सेविका ताईंचा फळा चांगला आहे, त्याच पाइपवर तो उचलूनही ७०.० दाखवतो. त्या मुलीला आईसोबत तेथे नेले. दोनदा मोजली, ७४.४ आणि ७४.३ आली. आमच्याकडे ती ७२.९ होती.

मोजपट्टी (१६ ऑगस्ट)

आता तुमच्या हातात संपूर्ण प्रकरण आहे. सोळा महिन्यांच्या मुलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातील खुजेपणाची रेषा ७३.० सें.मी. आहे. ७२.९ मुळे ती रेषेखाली गेली, ७४.४ धरले तर ती रेषेच्या बऱ्यापैकी वर आहे. जूनमधील ७३.० पासून दोन महिन्यांत १.४ सें.मी. वाढ म्हणजे या वयाला साजेशीच वाढ झाली. झबले आखूड झाले हे तिच्या आईचे म्हणणे खरे होते.

काटोलकर, मिळवून का टाकू नये ते आता दिसेल. तुमच्या गोदामातील काटा प्रत्येक वेळी तेवढाच चुकत होता. हा फळा शांत बाळाला अर्धा सें.मी. चुकवतो आणि हातपाय झाडणाऱ्या बाळाला जवळजवळ दीड. कोणत्या बाळाने किती जोर दिला याची नोंद कोठेच नाही, त्यामुळे किती मिळवायचे ते कोणालाच सांगता येणार नाही. अकराही मुले चांगल्या फळ्यावर पुन्हा मोजणे हाच मार्ग आहे.

एक गोष्ट मला याहून अधिक काळजीची वाटते. लांबी कमी नोंदली गेली की खुजेपणा खोटा वाढतो, आणि त्याच वेळी तीव्र कुपोषण झाकले जाते. सॅम म्हणजे अतितीव्र आणि मॅम म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण ठरवताना मुलाचे वजन त्याच्या लांबीशी ताडून पाहतात. लांबी एक सें.मी. कमी लिहिली, की त्या लांबीला अपेक्षित असलेले वजनही दीडशे ते दोनशे ग्रॅमने खाली येते. त्यामुळे खरोखर वाळलेले मूल तक्त्यावर ठीकठाक दिसू शकते. बुटके ठरलेले मूल पुन्हा मोजल्यावर सुटेल, पण ठीकठाक ठरलेल्या मुलाला पुन्हा मोजायला कोणी जात नाही.

काटोलकर (१६ ऑगस्ट)

मान्य. ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. तरी एक विचारतो. नवीन फळा यायला महिने लागतील, तोपर्यंत मुलांना मोजायचेच नाही का? दीड सें.मी. चुकीचे माप काहीच नसण्यापेक्षा बरे, असे मला वाटते.

आशा_भिवापूर (१७ ऑगस्ट)

मी आशा आहे. घरभेटीला जाताना सोबत दंडघेराची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी असेल तर सॅम आणि ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मॅम, असे आम्ही पाहतो. त्याला लांबी लागतच नाही. फळा येईपर्यंत सहा महिन्यांवरील मुलांसाठी तेवढे तरी करता येईल. दोन्ही पावलांवर सूज आहे का तेही दाबून पाहावे.

माझा एक प्रश्न आहे. आमच्याकडे एका बाळाची लांबी आरोग्य केंद्रात ६९.४ आली आणि तीन दिवसांनी अंगणवाडीत ६८.९ आली. तेथील फळा तर नवा कोरा आहे. तोही सदोष समजायचा का?

मोजपट्टी (१७ ऑगस्ट)

आशा ताई, एवढ्यावरून नाही. चांगल्या फळ्यावर दोन प्रशिक्षित माणसांनी एकच बाळ मोजले तरी थोडा फरक येतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या अभ्यासात दोघींच्या मापांत ०.७ सें.मी.पर्यंतचा फरक चालवून घेत आणि त्याहून अधिक आला तर दोघींनी पुन्हा मोजायचे, असा नियम होता. तुमचा फरक ०.५ आहे. बाळाला उभ्याने मोजले असते तरीही माप साधारण ०.७ सें.मी.ने कमी आले असते, पण या वयाचे बाळ उभे करून कोणी मोजत नाही.

दंडघेराची सूचना अगदी योग्य आहे आणि ती पत्रातही घालावी. मात्र दंडघेरावरून खुजेपणा कळत नाही, आणि वजन-लांबीने सापडणारी काही मुले दंडघेराने सापडत नाहीत, म्हणून तो तात्पुरता आधार समजावा.

काटोलकर, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर "मोजू नये" असेच आहे. चुकीचे माप कोऱ्या रकान्यापेक्षा बरे असते, हे मला पटत नाही. कोरा रकाना पाहून कोणीतरी विचारते तरी.

लाकूडकाम (१७ ऑगस्ट)

फळी दुरुस्त होण्यासारखी आहे. मागच्या बाजूने दोन लोखंडी एल पट्ट्या लावून, जुनी भोके बुजवून नवीन स्क्रू बसवले तर अर्ध्या तासाचे काम आहे. सरकारी वस्तू आहे म्हणून आधी विचारून घ्या.

मोजपट्टी (१७ ऑगस्ट)

दुरुस्ती चालेल, पण पत्र दिल्यावर आणि परवानगी मिळाल्यावर. दुरुस्तीनंतर उचललेल्या पाइपची हीच परीक्षा जोर लावून करावी आणि दुरुस्तीची तारीख रजिस्टरमध्ये लिहावी. आज कोणी मुकाट्याने स्क्रू आवळले, तर सप्टेंबरमध्ये सगळ्या मुलांची लांबी एकदम वाढलेली दिसेल आणि कारण कोणालाच कळणार नाही.

जुन्या नोंदी खोडू नका, त्यांवर नवीन आकडाही गिरवू नका. आकडा तसाच ठेवून शेजारी लाल शाईने "फळा सदोष" असा शेरा आणि तारीख लिहा. पुन्हा घेतलेले माप नव्या ओळीत, त्या दिवसाच्या तारखेने लिहा. आईकडील कार्डावरही तसेच करा, कारण ते कार्ड पुढे डॉक्टरांसमोर जाते.

रानजाई (१८ ऑगस्ट)

सर्वांच्या सूचना घेऊन पत्र पुन्हा लिहिले आहे. उद्या बैठकीत देणार आहे.

"मा. मुख्यसेविका मॅडम यांस,

विषय: लांबी मोजण्याचा फळा सदोष असल्याबाबत आणि जुलै व ऑगस्ट महिन्यांच्या लांबीच्या नोंदी विश्वसनीय नसल्याबाबत.

सविनय सादर करण्यात येते की, आमच्या अंगणवाडीतील लांबी मोजण्याचा फळा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवताना आमच्या हातून पडला. त्यामुळे डोक्याकडील उभी फळी ढिली झाली असून बाळाच्या डोक्याचा दाब पडताच ती बाहेर कलते. हे मी त्याच वेळी कळवावयास हवे होते, ते राहून गेले.

७०.० सें.मी. लांबीचा पाइप तळावर ठेवल्यास फळा ७०.० दाखवतो, तोच पाइप बाळाच्या माथ्याच्या उंचीवर धरल्यास हलक्या दाबाने ६९.५ आणि जोराच्या दाबाने ६८.६ दाखवतो. म्हणजे माप अर्धा ते सुमारे दीड सें.मी.ने कमी येते आणि हा फरक प्रत्येक बाळासाठी वेगळा असल्याने आकडेमोड करून दुरुस्त करता येत नाही. त्याच काळात, त्याच दोघींनी उभ्याने मोजलेल्या मुलांच्या नोंदींत असा दोष आढळला नाही.

सोळा महिन्यांच्या एका मुलीची लांबी या फळ्यावर ७२.९ आणि शेजारच्या अंगणवाडीतील चांगल्या फळ्यावर ७४.४ व ७४.३ आली. ती खुजेपणाच्या गटात चुकीने गेली आहे. याउलट, लांबी कमी नोंदल्यामुळे एखादे तीव्र कुपोषित मूल सर्वसाधारण दिसत असण्याचीही शक्यता आहे.

तरी विनंती की, (१) दोन वर्षांखालील अकराही मुलांची लांबी शेजारच्या अंगणवाडीतील फळ्यावर पुन्हा मोजण्यास परवानगी मिळावी. (२) फळा बदलून मिळावा किंवा गावातच दुरुस्त करण्याची लेखी परवानगी मिळावी. (३) ॲपमधील जुलै व ऑगस्टच्या नोंदींबाबत काय करावे, याची लेखी सूचना मिळावी. तोपर्यंत या फळ्यावर मोजमाप थांबवले असून सहा महिन्यांवरील मुलांचे दंडघेर व सर्वांचे वजन घेणे सुरू आहे."

फळा आमच्याच हातून पडला हे लिहू की नको, यावर रात्रभर विचार केला. पैसे भरायला लावतील अशी मदतनीस ताईंना भीती आहे. म्हणून त्यांचे नाव न घालता "आमच्या हातून" असे लिहिले आहे.

मोजपट्टी (१८ ऑगस्ट)

ते वाक्य ठेवा. पडल्याची वेळ लिहिली नाही तर नोंदी कोणत्या दिवसापासून संशयास्पद आहेत ते ठरत नाही, आणि मग जूनच्या चांगल्या नोंदीही वाया जातात. पत्राच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या.

आशा_भिवापूर (१८ ऑगस्ट)

पत्र चांगले झाले आहे. पैसे भरायला लावण्याची भीती मात्र खोटी नाही. वस्तू मोडल्याचे सेविका लपवतात ते त्यामुळेच.

रानजाई (२६ ऑगस्ट)

थोडक्यात कळवते. पत्राची पोच मिळाली. मॅडमनी स्वतः येऊन पाइपची परीक्षा करून पाहिली आणि पुन्हा मोजायला होकार दिला. अकरापैकी नऊ मुले मोजून झाली, सगळ्यांची लांबी ०.४ ते १.५ सें.मी.ने जास्त आली. त्यांतील एक बाळ खुजेपणाच्या गटातून बाहेर आले ते वर सांगितलेलेच, आणि एक मुलगा नव्या लांबीने मॅममध्ये आला. त्याचा दंडघेर १२.४ आहे. दोन मुले पोळ्यासाठी मामाकडे गेली आहेत, ती आल्यावर मोजू.

ॲपमधील जुन्या नोंदींबाबत "वर विचारून सांगते" असे मॅडम म्हणाल्या, अजून लेखी काही आलेले नाही. फळ्याच्या दुरुस्तीचेही तसेच.

काटोलकर (२६ ऑगस्ट)

तो मुलगा जुलैमध्ये कोणत्या गटात होता?

रानजाई (२६ ऑगस्ट)

सर्वसाधारण. मी स्वतःच नोंदवले होते.